हुकमाने मिळालेली आडनावे

सारा वसूल करायचा, तर कोणती जमीन कोणाकडे आहे आणि तो इसम नेमका कोण, या दोन्ही गोष्टी दप्तरात पक्क्या असाव्या लागतात. इंदापूर तालुक्यात 1836 मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमिनीची मोजणी करून तीस वर्षांसाठी सारा ठरवला, तेव्हा सारा भरणाऱ्या खातेदाराचे नाव दप्तरात चढले; परंतु रयतेने नवी आडनावे घ्यावीत असा हुकूम काढावा लागला नाही, कारण कुळाचे नाव, पाटील-कुलकर्ण्यांसारखे वतन किंवा गावावरून पडलेले ‘कर’ यांपैकी काहीतरी बहुतेकांच्या नावामागे आधीपासूनच होते.

फिलिपिन्समधील स्पॅनिश अधिकाऱ्यांना अशी सोय नव्हती. बाप्तिस्मा घेतलेल्या असंख्य कुटुंबांनी ‘दे ला क्रूझ’ किंवा ‘दे लोस सांतोस’ अशीच धार्मिक नावे लावल्याने करदाता ओळखणे कठीण झाले होते. गव्हर्नर जनरल नार्सिसो क्लावेरिया यांनी 21 नोव्हेंबर 1849 रोजी हुकूम काढून सुमारे 61 हजार आडनावांची वर्णानुक्रमे छापलेली यादी प्रांतोप्रांती धाडली. तिची पाने गावांना वाटली गेली आणि कुटुंबातील वडीलधाऱ्याने त्यांतून एक नाव निवडायचे, असे ठरले. चार पिढ्या चालत आलेले आडनाव मात्र ठेवता येत असे. यादीत वनस्पती, खनिजे आणि स्थानिक बोलींतील शब्दही होते, त्यामुळे ‘उंगोय’, म्हणजे माकड, हा शब्दही आडनावांत जाऊन बसला. काही ठिकाणी पानांची वाटणी इतकी काटेकोर झाली, की आल्बाय प्रांतातील ओआस गावी बहुतेक आडनावे ‘र’ने सुरू होतात. तेथे आडनावावरून नाते नव्हे, तर गाव कळते.

हा फरक विज्ञानालाही जाचतो. चार्ल्स डार्विन यांचे पुत्र जॉर्ज यांनी 1875 मध्ये एकाच आडनावाच्या वधूवरांच्या विवाहांवरून चुलत-मामे भावंडांमधील विवाहांचे प्रमाण काढण्याचा प्रयत्न केला आणि पुढे त्यातूनच ‘समनामता’ मोजण्याची पद्धत विकसित झाली. आडनाव वडिलांकडून येते, म्हणून चुलत, आते, मामे आणि मावस या चार प्रकारच्या भावंडांपैकी फक्त चुलत भावंडांचे आडनाव सारखे असते. चारही प्रकारचे विवाह सारख्याच प्रमाणात होत असतील, तर समान आडनावाच्या जोड्यांची चौपट हे अशा सर्व विवाहांचे प्रमाण ठरते. अर्थात एक आडनाव म्हणजे एक मूळपुरुष, हे त्यात गृहीत आहे. फिलिपिन्समध्ये परक्या घराण्यांनीही यादीतून एकच शब्द उचललेला असू शकतो, आणि आपल्याकडचे ‘पाटील’ हे आडनावही गावोगावच्या वेगवेगळ्या कुळांत आढळते.

बारामती-इंदापूर भागात ही रीत आणखी वेगळ्या कारणाने फसेल. येथील अनेक समाजांत चुलत भावंडांचे लग्न निषिद्ध, तर मामाच्या मुलीशी लग्न मात्र रूढ आहे. आनुवंशिक दृष्ट्या मामेबहीण चुलतबहिणीइतकीच जवळची. परंतु तिचे माहेरचे आडनाव वराहून वेगळे असल्याने असे कितीही विवाह झाले, तरी समनामतेच्या हिशेबात त्यांची बेरीज शून्यच येईल.