कॉलम कुठे उभे राहणार?

पुण्यात किंवा नाशिकमध्ये खाली पार्किंग आणि वर सात मजले अशी इमारत उभी राहते, तेव्हा सातव्या मजल्यावरच्या बेडरूमची रुंदी बहुतेक वेळा तळाशी उभ्या राहणाऱ्या मोटारी ठरवतात. कॉलम पायापासून गच्चीपर्यंत सरळ जायला हवा. पार्किंगमध्ये तो दोन गाड्यांच्या मधे यायला हवा आणि वर भिंतीत लपायला हवा. ही दोन्ही कामं एकच बिंदू करू शकेल, असे बिंदू शोधणं म्हणजे कॉलमची मांडणी.

एका गाडीला साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा लागते. दोन कॉलमच्या मधे दोन गाड्या बसवायच्या तर पाच मीटर मोकळी जागा हवी. कॉलमची जाडी ३०० मिलिमीटर धरली तर एका कॉलमच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ५.३ मीटर होतात. आता वर चला. या कॉलमरेषांवर १५० मिलिमीटरच्या भिंती आहेत आणि मधे तेवढ्याच जाडीची आणखी एक भिंत आहे. भिंती वजा केल्या तर बरोबर पाच मीटर उरतात. त्यात साडेतीन मीटरची बेडरूम आणि दीड मीटरचं टॉयलेट नीट बसतं. तीन गाड्या बसवल्या तर अंतर ७.८ मीटर होतं. मधे दोन भिंती धरून वर ७.३५ मीटर मिळतात: ३.३ मीटरचा हॉल, ३ मीटरची बेडरूम आणि १.०५ मीटरचा पॅसेज. म्हणून मला ही दोन अंतरं आवडतात. सहा-साडेसहा मीटरचं अंतर मात्र खाली अडीच गाड्यांचं होतं, आणि अर्धी गाडी कुणाकडेच नसते.

अंतर वाढलं की बीम खोल होतो. ढोबळ अंदाजासाठी अंतराचा बारावा भाग धरतात. ५.३ मीटरला साधारण ४५० मिलिमीटर आणि ७.८ मीटरला ६५० मिलिमीटर. मजल्याची उंची २.९ मीटर असेल तर खोल बीमखाली २.२५ मीटर उरतात. दाराच्या चौकटीला ते पुरतात, पण असा बीम हॉलच्या मधून गेला तर बसणाऱ्याला सतत डोक्यावर काहीतरी आहे असं वाटत राहतं. म्हणून कॉलम भिंतीत आले एवढ्यावर थांबता येत नाही. एका कॉलमपासून दुसऱ्यापर्यंत काढलेली रेघही, आडवी आणि उभी दोन्ही, भिंतीवरूनच जायला हवी. नकाशे करताना हीच गोष्ट सगळ्यात जास्त निसटते. कॉलम चारही कोपऱ्यांत छान लपलेले असतात आणि त्यांना जोडणारा बीम स्वयंपाकघराचं छत कापत जातो.

जुन्या इमारतींत नऊ इंची, म्हणजे २३० मिलिमीटरच्या विटांच्या भिंती असत आणि कॉलमही तेवढ्याच जाडीचे, त्यामुळे ते दिसतच नसत. भूकंपरोधक बांधकामाच्या आयएस १३९२० या मानकात २०१६ साली सुधारणा झाली आणि कॉलमची कमीत कमी बाजू ३०० मिलिमीटर ठरली. त्याच सुमारास भिंती हलक्या ब्लॉकच्या, १५० किंवा १०० मिलिमीटरच्या होऊ लागल्या. कॉलम जाड झाला, भिंत बारीक झाली, आणि निदान १५० मिलिमीटर कॉलम भिंतीबाहेर आलाच. हे टळत नाही. तो कुणाच्या खोलीत बाहेर काढायचा, एवढंच आपल्या हातात राहतं.

समजा, ३.३ मीटर रुंदीच्या बेडरूममध्ये एका भिंतीला ६०० मिलिमीटर खोलीचं कपाट आहे. पुढे दोन मीटर लांबीचा पलंग. पलंगाच्या पायथ्याशी ७० सेंटिमीटरची वाट उरते. त्या बाजूच्या भिंतीतून कॉलम १५ सेंटिमीटर पुढे आला की वाट ५५ सेंटिमीटर होते आणि माणूस तिथून तिरका होऊन जातो. तोच कॉलम कपाटाच्या भिंतीत सरकवला तर तो कपाटाच्या खोलीत गडप होतो. टॉयलेटमधल्या डक्टजवळ तो खपतो, दारामागच्या कोपऱ्यात खपतो. ओट्याच्या मधोमध आला तर सिंक किंवा शेगडी, दोन्हींपैकी एकाची जागा जाते. यासाठी कॉलम टाकण्याआधी नकाशावर पलंग, कपाट, ओटा, फ्रिज मापात काढलेले हवेत. हे काम इंटिरियरवाल्यासाठी राखून ठेवू नये, कारण तो येतो तेव्हा काँक्रीट भरून झालेलं असतं.

आर्किटेक्टला वाटतं, सगळे कॉलम एकाच दिशेने, गाड्यांच्या लांबीला समांतर वळवावेत. खाली अडथळा कमी, वर भिंतीत सोयीचे. पण ३०० बाय ७५० चा कॉलम लांब बाजूने ताठ आणि आडव्या बाजूने बराच लवचीक असतो. सगळे एकाच दिशेला वळले तर दुसऱ्या दिशेने येणारा भूकंपाचा हिसका झेलायला फारसं कुणी उरत नाही. म्हणून आरसीसी कन्सल्टंट काही कॉलम आडवे मागतो, आणि ते मागणं योग्यच आहे. त्यांना लपवायला आडव्या भिंती कुठे आहेत, हे आधीच शोधून ठेवावं: जिना, लिफ्ट, दोन फ्लॅटमधली भिंत. लिफ्टच्या भिंती काँक्रीटच्या केल्या तर त्या बराच भार घेतात आणि खोल्यांमधले कॉलम हलके होतात.

अडचण खरी तेव्हा येते, जेव्हा वरचा बिंदू उत्तम असतो आणि खाली नेमका गाडी वळायच्या वाटेत येतो. मग कुणीतरी सुचवतं, की कॉलम पहिल्या मजल्याच्या बीमवर थांबवू. हा तरंगता कॉलम. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात अहमदाबादमध्ये कोसळलेल्या अनेक इमारतींत खाली मोकळं पार्किंग होतं आणि वर असे तरंगते कॉलम. इमारतीचा आडवा भार पेलणाऱ्या सांगाड्यात आता ते मानकाला मान्य नाहीत. वरची भिंत सरकवा, खोली दहा सेंटिमीटर लहान करा, एक गाडी कमी करा. पण कॉलम खालपर्यंत न्या.

हे सगळं हाताने तपासायला ट्रेसिंग पेपर पुरतो. पार्किंग, वरचा ठरावीक मजला आणि गच्चीवरची पाण्याची टाकी, तिन्ही एकावर एक ठेवायचे. आधी जिना आणि लिफ्ट पक्के करायचे, मग इमारतीचे कोपरे, मग गाड्यांच्या मधल्या रेषा. तिन्ही कागदांवर जिथे हरकत नाही, तिथेच खूण करायची. ही खूण लाइनआउटच्या दिवशी जागेवर सरकवायला जाऊ नये. एक कॉलम एक फूट सरकला की त्याला चारही बाजूंनी येणारे बीम रेषेतून सुटतात.

फ्लॅट घेणाऱ्याने एक गोष्ट जरूर पाहावी. वर जाताना भार कमी होतो, म्हणून कॉलमही लहान करतात. खाली ३०० बाय ९०० असलेला वर ३०० बाय ६०० होऊ शकतो. चांगल्या आराखड्यात जाडी तीच ठेवून लांबी कमी केलेली असते, म्हणजे सगळा फरक भिंतीच्या अंगात जिरतो. नमुना फ्लॅट पाचव्या मजल्यावर पाहिला आणि आपण पहिल्या मजल्यावरचा घेत असू, तर माहितीपत्रकातला नकाशा बाजूला ठेवून त्याच मजल्याचा कॉलम दाखवणारा नकाशा मागावा आणि त्यावर आपल्या पलंगाचं माप काढून बघावं.