दाखल्यासाठी थांबलेलं गलबत

इरेनायस नावाच्या एका माणसानं रोमहून आपला भाऊ अपोलिनारियस याला पत्र लिहिलं. इसवी सनाच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या शतकातलं हे पत्र ग्रीक भाषेत, पपायरसच्या एका तुकड्यावर लिहिलेलं आहे. ते इजिप्तला पोचलं, तिथल्या कोरड्या वाळूत टिकलं आणि 19व्या शतकाच्या अखेरीस बर्लिनच्या संग्रहात दाखल झालं. पत्र अगदी छोटं आहे, पण प्राचीन जगातल्या सर्वांत मोठ्या धान्यव्यापाराचा एक हंगाम त्यात तारीखवार मांडलेला आहे.

इरेनायस आधी भावाची खुशाली विचारतो आणि आपण बरे आहोत असं सांगतो. मग थेट हिशेबावर येतो. एपिफ महिन्याच्या 6 तारखेला किनाऱ्याला लागलो. 18 तारखेला माल उतरवून झाला. 25 तारखेला रोमला गेलो. देवाच्या इच्छेनं इथे आमचं नीट स्वागत झालं. आता सुटकेचा दाखला मिळण्याची रोज वाट पाहतोय, पण धान्य घेऊन आलेल्यांपैकी आजपर्यंत एकालाही सोडलेलं नाही. वहिनीला, सेरेनसला आणि तुझ्यावर जीव असणाऱ्या सगळ्यांना नावानिशी नमस्कार. खाली तारीख मेसोरे 9.

हे महिने इजिप्तचे आहेत. आपल्या कॅलेंडरात बसवले तर इरेनायसचं जहाज 30 जूनला लागलं, 12 जुलैला रिकामं झालं, 19 जुलैला तो रोममध्ये पोचला आणि पत्र लिहिलं ते 2 ऑगस्टला. म्हणजे जहाज रिकामं होऊन तीन आठवडे उलटले तरी त्याला परत जाता येत नव्हतं. पत्रात त्रागा कुठेही नाही. पण हे तीन आठवडे त्याला किती महाग पडले असतील, हे कळायला भूमध्य समुद्राचा वारा समजून घ्यावा लागतो.

रोमला लागणारं धान्य तिथल्या आसपासच्या शेतीत पिकत नव्हतं. ऑगस्टसच्या काळात सुमारे दोन लाख नागरिकांना सरकारकडून दरमहा माणशी 5 मोडियस, म्हणजे साधारण 33 किलो, गहू फुकट मिळे. बाजारात विकला जाणारा गहू वेगळाच. वर्षातले चार महिने रोमला इजिप्त पोसतो, असं जोसीफस या इतिहासकारानं लिहून ठेवलं आहे. हा सगळा गहू नाईल नदीतून अलेक्झांड्रियाला यायचा आणि तिथून मोठ्या शिडांच्या जहाजांनी इटलीला जायचा.

अडचण अशी की उन्हाळाभर भूमध्य समुद्रावर वायव्येचा वारा सुटलेला असतो. रोमहून अलेक्झांड्रियाला जाताना तो पाठीशी असतो. दोन-तीन आठवड्यांत जहाज पोचतं, नशीब जोरावर असेल तर त्याहूनही लवकर. भरलेलं जहाज रोमकडे निघालं की तोच वारा तोंडावर येतो. मग सरळ वाट सोडून आधी उत्तरेला सायप्रसकडे, तिथून आशिया मायनरच्या दक्षिण किनाऱ्यानं, पुढे क्रीट, सिसिली असा वळसा घालावा लागे. या प्रवासाला दीड-दोन महिने सहज लागत. लुशियन या लेखकानं आयसिस नावाच्या एका धान्याच्या जहाजाचं वर्णन केलं आहे. 120 हात, म्हणजे सुमारे 55 मीटर लांबीचं ते अवाढव्य जहाज वाऱ्यानं असं भरकटलं, की निघाल्यापासून सत्तराव्या दिवशी ते इटलीऐवजी अथेन्सच्या बंदरात जाऊन लागलं.

शिवाय समुद्र वर्षभर खुला नसे. व्हेजेशियस या रोमन लेखकाच्या मते 27 मे ते 14 सप्टेंबर हा निर्धोक काळ. त्याच्या आधीचे आणि नंतरचे काही आठवडे जोखमीचे, आणि 11 नोव्हेंबर ते 10 मार्च समुद्र बंदच. कोकणात पावसाळ्यात होड्या वर ओढून नारळी पौर्णिमेची वाट पाहतात, तशी त्यांची हिवाळ्यात गत होई.

आता इरेनायसचा हंगाम मांडून पाहू. 30 जूनला पोचायचं तर त्यानं मे महिन्याच्या पूर्वार्धात अलेक्झांड्रिया सोडलं असणार. म्हणजे जहाजात बहुधा आदल्या वर्षीचा, हिवाळाभर कोठारात ठेवलेला गहू होता. 12 जुलैला माल उतरला तेव्हाच त्याला सोडलं असतं, तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तो अलेक्झांड्रियात असता. तिथे नव्या पिकाचा गहू येऊन पडलेला. ऑगस्टच्या मध्याला भरून निघाला असता तर ऑक्टोबरच्या मध्याला, थोडी जोखीम घेऊन का होईना, रोमची दुसरी खेप झाली असती. पण 2 ऑगस्टला तो अजून रोममध्येच आहे. दुसऱ्या दिवशी सोडलं असं धरलं तरी अलेक्झांड्रिया गाठायला ऑगस्ट संपणार, माल भरेपर्यंत सप्टेंबर उजाडणार आणि इटलीला पोचायची वेळ नोव्हेंबरवर जाणार. मग दोनच रस्ते उरतात. पुढच्या वसंतापर्यंत अलेक्झांड्रियात बसून राहायचं, नाहीतर निघायचं आणि हिवाळ्यात वाटेतल्या एखाद्या बंदरात अडकायचं. बायबलमध्ये संत पॉलच्या प्रवासाची जी हकिगत आहे, तिच्यात अलेक्झांड्रियाची अशी दोन जहाजं येतात. हंगाम उलटल्यावरही पुढे रेटलेलं एक जहाज माल्टाच्या किनाऱ्यावर फुटलं. दुसरं त्याच बेटावर हिवाळाभर थांबून नंतर इटलीला गेलं.

मग बंदरात इतका वेळ जायचा तो कशात? पहिले बारा दिवस समजण्यासारखे आहेत. रोमचं बंदर टायबर नदीच्या मुखाशी. सम्राट क्लॉडियसनं इसवी सन 42 मध्ये तिथे मोठं बंदर बांधायला घेतलं, पण ते वादळात पुरतं सुरक्षित नव्हतं. 62 साली बंदरात उभी असलेली सुमारे दोनशे जहाजं बुडाली. पुढे ट्रेजननं आतल्या बाजूला षटकोनी गोदी खणली. तिची एकेक बाजू साडेतीनशे मीटरच्या आसपास आहे आणि ते षटकोनी तळं आजही तिथे आहे. मध्यम आकाराचं, 50,000 मोडियस गहू वाहणारं एक जहाज धरू. म्हणजे साधारण 335 टन. हे सगळं हमालांच्या पाठीवरून उतरायचं. पन्नास किलोचं पोतं धरलं तर 6,700 पोती होतात, आणि बारा दिवसांत ती उतरवायची तर रोज साडेपाचशेच्या वर. अशी जहाजं रांगेत उभी, म्हणजे धक्क्यावर आपला नंबर लागेपर्यंतचे दिवसही यातच धरायला हवेत. उतरलेला गहू मोजून नदीतल्या बोटींत भरायचा आणि त्या बोटी काठावरून दोरानं ओढत रोमला न्यायच्या. ऑस्टियाच्या एका थडग्यात अशा बोटीचं रंगीत चित्र सापडलं आहे. बोटीचं नाव आयसिस जेमिनियाना, मागे सुकाणूपाशी तांडेल फार्नासेस, फळीवरून पोती घेऊन चढणारे हमाल, आणि मापात ओतला जाणारा गहू. माणसांच्या डोक्यांवर त्यांची नावंही लिहिलेली आहेत.

खरा खोळंबा यापुढे सुरू होई. जहाज खाजगी मालकाचं आणि आतला गहू सरकारचा, अशी ही व्यवस्था होती. सरकारला मालकांची गरज होती, म्हणून क्लॉडियसनं 10,000 मोडियसचं जहाज बांधून सहा वर्षं रोमसाठी धान्य वाहणाऱ्यांना सवलती दिल्या आणि वादळात झालेलं नुकसान स्वतःच्या अंगावर घेतलं. पण विश्वास मात्र कोणी कोणावर टाकत नव्हतं. जितका आणि जसा गहू ताब्यात दिला, तितका आणि तसाच पोचला का, याची रुजुवात झाल्याशिवाय मालक मोकळा होत नसे. इजिप्तमध्ये धान्य भरतानाच त्यातला थोडा गहू मडक्यात घालून ते मोहोरबंद करत आणि मालाबरोबर पाठवत. वाटेत चांगला गहू काढून हलका भरला तर नमुन्याशी ताडून ते उघड होई.

ही तपासणी नावापुरती नव्हती. 188 सालचा एक सरकारी कागद उपलब्ध आहे. इजिप्तच्या एका जिल्ह्यातून 2,000 आर्तबा गहू आला. आर्तबा हे तिथलं माप. नमुना तपासला तेव्हा त्यात 2 टक्के जव आणि अर्धा टक्का माती निघाली. वरिष्ठ अधिकाऱ्यानं जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला लिहिलं की धान्य भरणाऱ्यांकडून 50¾ आर्तबांची तूट वसूल कर. दोन हजारांवर अडीच टक्के म्हणजे 50 आर्तबा. तेवढी तर घेतलीच, वर पाऊण आर्तबाही सोडली नाही. असा काटेकोर हिशेब एका जहाजाचा करायला वेळ लागतो, आणि इथे तर अख्खा ताफा रांगेत उभा होता.

म्हणून इरेनायसच्या पत्रातलं, आजपर्यंत एकालाही सोडलेलं नाही, हे वाक्य मला सर्वांत मोलाचं वाटतं. त्याच्या एकट्याच्या मालात खोट असती तर तो एकटा अडकला असता. अडकले सगळेच. अडथळा कचेरीत होता आणि त्याची किंमत जहाजमालक मोजत होते. खलाशांना खायला घालायचं, रिकामं जहाज सांभाळायचं आणि पाठीशी येणारा वारा रोज वाया जाताना पाहायचा. आपल्याकडे रोमच्या धान्यव्यापाराबद्दल लिहिताना वादळं आणि जहाजफुटी यांचीच वर्णनं जास्त येतात. या पत्रात वादळ नाही. तरीही हंगामातली दुसरी खेप बुडण्याची वेळ आलेली आहे, तीही जहाज धक्क्यावर सुखरूप उभं असताना.

या दुखण्यावर इलाज निघाला, पण पुढे कित्येक पिढ्यांनी आणि दुसऱ्याच राजधानीसाठी. चौथ्या शतकात इजिप्तचा गहू रोमऐवजी कॉन्स्टँटिनोपलला जाऊ लागला. तिथेही समोरचा वारा होताच. डार्डेनल्सच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी जहाजं अडकून पडत आणि धान्य सडे. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियननं सामुद्रधुनीच्या अलीकडे टेनेडोस बेटावर प्रचंड कोठार बांधलं. जहाजांनी गहू तिथे उतरवायचा आणि लगेच परत फिरायचं. राजधानीपर्यंतचा पुढचा प्रवास दुसऱ्या बोटींनी वारा अनुकूल झाल्यावर करायचा. प्रोकोपियस या समकालीन इतिहासकारानं नोंदवलं आहे, की या कोठारामुळे जहाजांना एकाच हंगामात दुसरी आणि तिसरीही खेप करता येऊ लागली.