कॅप्शनमधले शोधशब्द

इन्स्टाग्रामच्या शोधपट्टीत काही टाइप केले, की त्या शब्दांची गाठ खात्याचे नाव, परिचय आणि कॅप्शन यांतल्या मजकुराशी घातली जाते. कॅप्शनमध्ये साधारण 2,200 अक्षरे मावतात, पण पोस्ट समोर येते तेव्हा पहिली एकदोन ओळीच दिसतात आणि बाकी मजकूर 'more' खाली जातो. त्यामुळे काय विकले जाते आणि कुठे मिळते, हे पहिल्याच वाक्यात आलेले बरे.

कोथरूडमध्ये घरून उकडीचे मोदक करून देणाऱ्या एखाद्या गृहउद्योगाचे उदाहरण घेऊ. गणपतीच्या तोंडावर मोदकांचा सुरेख फोटो टाकला जातो आणि खाली लिहिले जाते, 'बाप्पाच्या आवडीचा नैवेद्य, प्रेमाने आणि मनापासून!' वाक्य गोड आहे, पण त्यात मोदक हा शब्दच नाही, कोथरूडही नाही. याच्या उलट टोकाला असे कॅप्शन भेटते: 'मोदक पुणे, बेस्ट मोदक पुणे, उकडीचे मोदक कोथरूड, मोदक ऑर्डर पुणे.' शोधशब्द सगळे आले, पण भाव, नग, ऑर्डरची वेळ यांचा पत्ता नाही. वाचणारा पुढे सरकतो, आणि पाटी लिहिल्यासारख्या मजकुरावर त्याचा विश्वासही बसत नाही.

गिऱ्हाईक फोनवर जे विचारते त्याचे उत्तर लिहिले, की शोधशब्द आपोआप जागेवर बसतात. उदाहरणार्थ: 'कोथरूडमध्ये गणेश चतुर्थीसाठी उकडीचे मोदक ऑर्डरप्रमाणे करून मिळतील. पिठी आंबेमोहोराची, सारणात ओला नारळ आणि गूळ. 11 किंवा 21 नगांचा डबा. ऑर्डर आदल्या दिवशी दुपारपर्यंत द्यावी.' यात पदार्थ, सण आणि ठिकाण एकेकदाच आले आहेत, ऑर्डर हा शब्द दोनदा, आणि तेवढे पुरे.

मराठीत आणखी एक अडचण आहे, ती लिपीची. मराठी बोलणारे अनेक जण शोधताना रोमन अक्षरे वापरतात, आणि कुणी ukdiche लिहितो, कुणी ukadiche. शोधपट्टीत पहिली चारपाच अक्षरे टाकून खाली कोणत्या सूचना येतात ते पाहावे आणि त्यांतले एकच रूप शेवटच्या ओळीत घ्यावे:

```
Ukdiche modak, Kothrud, Pune. Order: DM
```

दोन्ही रूपे, शिवाय 'modak near me' असे सगळे भरायला गेले, की पुन्हा तीच गर्दी होते. near me लिहून तर काहीच साधत नाही. परिसराचे नाव लिहिणे जास्त उपयोगी. उकडीच्या मोदकांच्या फोटोखाली तळणीचे मोदक असे लिहिणेही टाळावे, कारण शोधून आलेल्याला हवे ते मिळत नाही आणि तो लगेच निघून जातो.

कॅप्शनने सगळे होत नाही. निकालांचा क्रम ठरताना शोधणाऱ्याच्या सवयी आणि पोस्टला मिळालेला प्रतिसादही धरला जातो. नुसत्या 'मोदक' या शोधात मोठी खाती पुढे राहतात. लहान उद्योगाला जागा मिळण्याची शक्यता 'उकडीचे मोदक कोथरूड' अशा नेमक्या शोधात अधिक. फरक पडला का, हे इनसाइट्समध्ये फॉलोअर नसलेल्यांचा वाटा पाहून ताडता येते. मात्र ते सगळे शोधातूनच आले असे नसते, म्हणून ऑर्डर देणाऱ्याला 'कुठे पाहिले?' हेही विचारावे.