रागात बोललेल्या शब्दाची माफी

मंडळी, इथे वांद्र्यातच कुटुंब न्यायालय आहे. निकालाआधी समेटाचा प्रयत्न करा, असं तिथल्या न्यायाधीशांना १९८४ चा कायदाच सांगतो. पण समेट बोलायचा कसा, हे कायदा शिकवत नाही.

समजा, आमटी खारट झाली आणि नवरा वहिनीसमोर बायकोला म्हणाला, ‘तुझ्या आईनं काही शिकवलंच नाही.’ रात्री तो म्हणतो, ‘वाईट वाटलं असेल तर सॉरी, पण ऑफिसात ताण होता.’ ‘असेल तर’ म्हटल्यावर शब्द लागला हे सिद्ध करायचं काम तिच्यावर येतं, आणि ‘पण’ म्हटल्यावर दोष ऑफिसकडे जातो. मग माफी उरली कुठे?

त्यापेक्षा, ‘मी तुझ्या आईला मध्ये आणलं, तेही वहिनीसमोर. चूक माझी.’ बोललेलं वाक्य टाळू नये, नेमकं तेच उच्चारावं. ताणाचं कारण तिनं विचारलं तर सांगावं. मानसोपचारतज्ज्ञ एरन लझार माफीत भरपाईही धरतात. इथे भरपाई म्हणजे वहिनीसमोरच ते वाक्य मागे घेणं. नेमकं हेच जड जातं, म्हणून बहुतेक जण साडी आणतात!

आणि ‘केलंस ना माफ?’ असं लगेच विचारू नका. घाई आपल्याला असते, तिला नव्हे. ती दोन दिवस गप्प राहिली, तर राहू द्या.