मॉनिटर झोपला की विंडो का विस्कटतात?

जेवणाआधी मोठ्या मॉनिटरवर डावीकडे एक्सेल, उजवीकडे ब्राउझर नीट लावून ठेवलेला असतो. परत येऊन माऊस हलवावा, तर सगळ्या विंडो आक्रसून वरच्या डाव्या कोपऱ्यात गोळा झालेल्या आणि आयकॉनही तिकडेच सरकलेले. दोष सहसा एक्सेलचा नसतो, ब्राउझरचाही नसतो. खरे कारण बहुतेकदा मॉनिटरच्या केबलमध्ये सापडते.

केबलमधली एक तार कॉम्प्युटरला फक्त एवढेच सांगत असते की पलीकडे मॉनिटर आहे. तिला हॉट प्लग डिटेक्ट म्हणतात. एचडीएमआयमध्ये या तारेसाठी लागणारे पाच व्होल्ट कॉम्प्युटरच पुरवतो, त्यामुळे मॉनिटर झोपला तरी बहुतेक वेळा खूण कायम राहते. डिस्प्लेपोर्टमध्ये मात्र ही खूण मॉनिटरने स्वतःच्या विजेवर द्यायची असते. वीज वाचवण्यासाठी तो गाढ झोपेत गेला की काही मॉडेलमध्ये ही खूण बंद पडते आणि विंडोजला वाटते, केबलच काढली. मॉनिटर एकच असेल तर विंडोज एक काल्पनिक पडदा धरून चालते, आणि तो अनेकदा 1024 x 768 इतका लहान असतो. 3840 x 2160 च्या पडद्यावर पसरलेल्या विंडो त्यात बसवायच्या, म्हणून त्या आक्रसतात.

हे आपल्याकडेही घडते का, हे दोन मॉनिटर असतील तर लगेच कळते. एक मॉनिटर त्याच्या बटणाने बंद करा आणि माऊसचा बाण त्या दिशेने न्या. बाण कडेपलीकडे जाऊन दिसेनासा झाला, तर विंडोजच्या लेखी तो मॉनिटर अजून जोडलेला आहे. बाण कडेलाच अडला आणि तिकडच्या विंडो इकडे आल्या, तर खूण तुटते आहे.

2021 मध्ये आलेल्या विंडोज 11 ने यावर चांगला तोडगा दिला. Settings मध्ये System, Display आणि तिथे Multiple displays खाली Remember window locations based on monitor connection हा पर्याय चालू ठेवा. मॉनिटर परतला की विंडो जागेवर जातात. पण ही सोय विंडोंसाठी आहे, आयकॉनांची हमी त्यात नाही.

म्हणून मुळावरच उपाय केलेला बरा. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत Deep Sleep असे काही असेल तर ते बंद करा. थोडी वीज जास्त जाईल, पण ती खूण टिकू शकते. ते नसेल आणि मॉनिटरला एचडीएमआय असेल, तर केबल बदलून पाहा. फक्त हवे ते रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट त्यावर मिळतो का, हे आधी तपासा.

डॉकिंग स्टेशनचे प्रकरण थोडे वेगळे. लॅपटॉप उचलला की मॉनिटर खरोखरच सुटतात, आणि पुन्हा जोडल्यावर ते एकदम न उठता एकामागून एक उठतात. दुसरा मॉनिटर येईपर्यंत विंडोज मांडणी बदलत राहते. तेव्हा दोन्ही पडदे उजळेपर्यंत विंडो ओढायला जाऊ नका.