आज चहा कोणी टाकला?

कृतज्ञतेच्या वह्यांमध्ये एक वाक्य हमखास सापडतं : 'माझ्या कुटुंबाबद्दल मी कृतज्ञ आहे.' सोमवारी हेच, गुरुवारीही हेच, आणि पुढच्या आठवड्यात 'कुटुंब'च्या जागी 'आरोग्य'. वाक्य खरं असतं, पण कोणी, कधी, काय केलं याचा त्यात पत्ता लागत नाही. त्याच ओळीवर 'आज सकाळचा चहा कोणी टाकला?' असं लिहून बघा. उत्तरात एक माणूस येतो, एक वेळ येते, आणि आपण तेव्हा अजून पांघरुणात होतो हेही आठवतं. वहीत विधानाऐवजी प्रश्न लिहिण्याची ही पद्धत मला फार आवडते, आणि तिच्या मागची माहितीही तितकीच रंजक आहे.

उपासाच्या साधनेतून आलेले तीन प्रश्न

जपानमध्ये कृतज्ञतेचे प्रश्न ही एक रीतसर पद्धत आहे. तिचं नाव नाइकान. ती घडवली इशिन योशिमोतो यांनी. जन्म १९१६, व्यवसायाने उद्योजक, श्रद्धेने बौद्ध. त्यांच्या पंथात 'मिशिराबे' नावाची एक कठोर साधना होती : अन्न नाही, पाणी नाही, झोप नाही, फक्त आपल्या आयुष्याची झडती. काही प्रयत्न फसल्यावर १९३७ मध्ये योशिमोतोंची ही साधना पुरी झाली. पुढे त्यांनी जे केलं ते मला जास्त मोलाचं वाटतं. सामान्य माणसाला हे झेपणार नाही हे ओळखून त्यांनी उपास काढला, जागरण काढलं, आणि शेवटी तीन प्रश्न तेवढे ठेवले. या माणसाकडून मला काय मिळालं? मी त्याला काय दिलं? माझ्यामुळे त्याला कोणता त्रास झाला?

चौथा प्रश्न सुचणं साहजिक आहे : त्याच्यामुळे मला काय त्रास झाला? नाइकानमध्ये तो मुद्दाम वगळलेला आहे. कारण सरळ आहे. ती यादी प्रत्येकाकडे तयारच असते, तिच्यासाठी वही लागत नाही.

पूर्ण नाइकान आठवडाभर चालतं. खोलीच्या कोपऱ्यात पडदा लावतात, त्याच्या आड पहाटेपासून रात्रीपर्यंत एकट्यानं बसायचं. सुरुवात बहुधा आईपासून होते, तीही आयुष्याचे तुकडे पाडून : शाळेत जाण्यापूर्वी, मग प्राथमिक शाळेची पहिली वर्षं, मग त्यापुढची. तासा-दोन तासांनी मार्गदर्शक येतो, काय आठवलं ते चार-पाच मिनिटं ऐकतो आणि जातो. तो सल्ला देत नाही, समजूतही घालत नाही. वेळेची वाटणीही ठरलेली आहे : पहिल्या दोन प्रश्नांना साधारण वीस-वीस टक्के आणि तिसऱ्याला साठ. १९५० च्या दशकात ही पद्धत जपानच्या तुरुंगांमध्येही पोहोचली.

एका एसटीचा हिशेब

वहीसाठी आठवडाभर पडद्याआड बसायची गरज नाही. हेच तीन प्रश्न दिवसातल्या एका प्रसंगाला लावले तरी पुरतं. माझ्या वहीतली एक नोंद सांगते.

संध्याकाळची एसटी सुटायच्या बेतात होती आणि मी हातातली जड पिशवी सांभाळत स्टँडवर पळत होते. विधान लिहिलं असतं तर 'आज बस मिळाली, बरं वाटलं' एवढ्यावर संपलं असतं. 'काय मिळालं?' असं विचारल्यावर आठवलं की कंडक्टरनं दोरीला हात घातला होता, पण मला पाहून डबल बेल द्यायची थांबवली. दारातल्या एका मुलानं पिशवी आधी वर घेतली, मग मी चढले. म्हणजे एका बसमागे दोन माणसं निघाली, आणि त्यातला तो मुलगा मी तोपर्यंत विसरलेच होते. 'मी काय दिलं?' तिकिटाचे सुट्टे पैसे दिले, बाकी काही नाही. मुलाला धड 'थांब, मी घेते' एवढंही म्हटलं नाही. 'माझ्यामुळे काय त्रास झाला?' भरलेल्या गाडीतले सगळे प्रवासी माझ्यासाठी खोळंबले, आणि पिशवी मधल्या वाटेत ठेवल्यामुळे पुढच्या थांब्यावर उतरणाऱ्या बाईंना ती ओलांडून जावं लागलं.

तिसऱ्या उत्तरानं मला वाईट वाटलं नाही. उलट पहिलं उत्तर मोठं झालं. आपल्यासाठी कोणीतरी काहीतरी सोसलं हे दिसल्याशिवाय मिळालेल्या गोष्टीचं वजन कळत नाही, आणि योशिमोतोंनी साठ टक्के वेळ तिथे का राखून ठेवला ते अशा साध्या नोंदीतूनही लक्षात येतं.

शेपटीला 'का?' जोडा

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांचा २००५ चा एक प्रयोग या क्षेत्रात फार गाजला. लोकांना आठवडाभर रोज रात्री चांगल्या झालेल्या तीन गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या. बहुतेकांना तेवढंच लक्षात राहतं. सूचनेचा दुसरा अर्धा भाग गळून जातो : प्रत्येक गोष्ट का घडली तेही लिहायचं होतं. या गटातल्या लोकांच्या मनःस्थितीतला फरक सहा महिन्यांनंतरही दिसत होता, आणि ज्यांनी आठवडा संपल्यावर आपणहून लिहिणं चालू ठेवलं त्यांना जास्त लाभ झाला.

म्हणून 'आज काय चांगलं झालं?' हा प्रश्न अर्धाच आहे. 'ते का झालं, कोणी काय केलं म्हणून झालं?' हे त्याच्या पाठोपाठ यायला हवं. भाजी चांगली झाली, कारण शेजारच्या काकूंनी गावाहून आणलेला मसाला वाटीभर दिला होता. आता वहीत काकू आल्या.

नसतंच झालं तर?

हा माझा सर्वात लाडका प्रकार. मिनक्युंग कू आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये जोडीदार असलेल्या लोकांच्या दोन गटांची तुलना केली. एका गटानं लिहिलं की आपली भेट कशी झाली. दुसऱ्यानं लिहिलं की ती भेट कशी झालीच नसती. आपल्या नात्याबद्दल जास्त समाधान दुसऱ्या गटाला वाटलं! भेटीची गोष्ट आपण इतक्या वेळा सांगितलेली असते की ती आता अटळ वाटते. न भेटण्याच्या शक्यता मोजायला लागलं की ती पुन्हा नवलाची होते. संशोधकांनी शोधनिबंधाच्या शीर्षकासाठी १९४६ च्या 'इट्स अ वंडरफुल लाइफ' या चित्रपटाचं नाव घेतलं. त्यात नायकाला, तो जन्मलाच नसता तर त्याचं गाव कसं असतं, हे दाखवलं जातं.

वहीत हा प्रश्न असा येईल : 'त्या दिवशी वर्गात दुसऱ्या बाकावर बसले असते, तर ही मैत्रीण भेटली असती का?' किंवा, 'बदलीचा अर्ज मंजूर झाला असता, तर आज हे घर, ही गल्ली, हा दूधवाला माझ्या ओळखीचा असता का?' एकच पथ्य पाळा. जे उणे करायचं ते मागच्या काळातलं असू द्या. 'उद्या हे माणूस राहिलं नाही तर?' असं लिहू नका. त्यातून कृतज्ञता निघत नाही, फक्त झोप उडते.

दहा मागितले तर घोटाळा

'आजच्या दहा चांगल्या गोष्टी लिहा' असं छापील वह्यांमध्ये दिसतं. नॉर्बर्ट श्वार्झ आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये लोकांना आपण ठामपणे वागलो असे प्रसंग आठवायला सांगितले, काहींना सहा, काहींना बारा. बारा आठवणाऱ्यांनी स्वतःला कमी ठाम ठरवलं. प्रसंग जास्त होते, पण ते आठवताना दमछाक झाली, आणि त्या दमछाकीवरून त्यांनी निष्कर्ष काढला की आपल्यात ते फारसं नसावं. प्रयोग कृतज्ञतेचा नव्हता, पण वहीसमोर सातव्या ओळीवर पेन अडकलेल्याला तो नीट कळेल. एक प्रश्न, एक माणूस, चार ओळी. एवढं भरपूर आहे.

रोज लिहिण्याबद्दलही एक आश्चर्य. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फरक जाणवला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. तेच ते लिहून कंटाळा आला असावा, असं त्यांचं म्हणणं. रोजची वही ठेवायचीच असेल तर प्रश्न रोज बदलता ठेवा. सोमवारी हात शोधा : 'आज मी वापरलेली कोणती वस्तू कोणीतरी आधीच पुसून, घडी घालून, भरून ठेवली होती?' मंगळवारी कान : 'आज कोणाचा आवाज ऐकून बरं वाटलं?' एखाद्या दिवशी शरीर : 'पायांनी आज मला कुठे नेलं?' एखाद्या दिवशी जुनं देणं : 'मला सायकल शिकवताना मागून कोण पळत होतं?'

प्रश्न खरा आहे की नाही, कसं ओळखायचं?

'मी किती नशीबवान आहे, नाही का?' यात प्रश्नचिन्ह आहे, पण उत्तर आधीच ठरलेलं आहे. 'इतरांना एवढंही मिळत नाही, मग मी का कुरकुरतो?' ही तर दटावणी झाली. खऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहायला बसण्यापूर्वी आपल्याला माहीत नसतं. आणि 'आज काही सुचत नाही' हेही त्याला चालतं.

ही सूट फार गरजेची आहे. कॅनडात जोआन वूड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं की स्वतःबद्दल आधीच कमीपणा वाटणाऱ्यांनी 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' हे वाक्य घोकलं, तेव्हा त्यांना आणखी वाईट वाटलं. न पटणारं वाक्य मन आतून खोडून काढतं. ज्या दिवशी 'मी आनंदी आहे' लिहिणं जड जातं, त्या दिवशी 'आज कोणता अर्धा तास त्यातल्या त्यात बरा गेला?' एवढंच विचारा.

आणि एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. ज्यानं आपल्याला मारलं, छळलं, फसवलं, त्या माणसाचं नाव घालून नाइकानचा तिसरा प्रश्न घरी एकट्यानं विचारू नका. सोसणाऱ्याच्या मनात 'माझंच चुकलं' हे आधीच घर करून असतं, हा प्रश्न त्याला खतपाणी घालतो. अशा वेळी त्या माणसाचं पान वहीत नसलं तरी चालतं. त्या दिवसांत आपल्या बाजूनं कोण उभं राहिलं, दार कोणी उघडलं, रात्री फोन कोणी उचलला, ही नावं मात्र लिहा.