दोन प्रिंटांचा बाहुला

मुलाचाच फोटो कापून हातपाय हलणारा कागदी बाहुला करायचा, तर बहुतेक जण एक प्रिंट काढतात, कोपरावर आणि गुडघ्यावर कात्री चालवतात आणि तिथेच फसतात. कोपरावर कापलं की दंड तिथे संपतो आणि पुढचा हात तिथून सुरू होतो. टाचणी लावायला दोन तुकडे एकमेकांवर यायला हवेत, आणि एका फोटोत तेवढा जादा कागद नसतोच. म्हणून एकाच फोटोचे, अगदी एकाच मापाचे दोन प्रिंट लागतात.

पण आधी फोटो. हात लांब करून काढलेला सेल्फी इथे कामाचा नाही, कारण फोन इतका जवळ असला की नाक मोठं दिसतं आणि पाय बारीक होत जातात. फोन मुलाच्या छातीच्या उंचीवर, दोनेक मीटर लांब एखाद्या डब्याला टेकवून टायमर लावावा. सेल्फीचा मान राहतो आणि माप बिघडत नाही. भिंत कोरी असावी, हात अंगापासून सुटे, पाय फाकलेले. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पँट उत्तम. बाही कोपराशीच संपत असेल, तर सांध्यावर रंग बदलतो आणि जोड उघडा पडतो. फ्रॉक असेल तर मांड्यांच्या भानगडीत पडू नये. फ्रॉक धडालाच ठेवून खालून नुसते पाय जोडावेत. शर्टावर अक्षरं असतील तर ती उलटी आली नाहीत ना, तेही पाहावं. काही फोनचा पुढचा कॅमेरा आरशासारखा फोटो ठेवतो.

आता समजा, मुलाची उंची ११० सेंटीमीटर आहे आणि ए-फोर कागदावर तो २६ सेंटीमीटरचा येतो. म्हणजे चौपटीहून थोडा जास्तच लहान. त्याचा दंड जेमतेम दीड सेंटीमीटर रुंद होतो. एवढ्या चिंचोळ्या पट्टीत भोक पाडलं तर दुसऱ्या दिवशी हात तुटून येणार. त्यामुळे अंगाच्या रेषेवर नेमकं न कापता भोवती भिंतीचा दोन-तीन मिलिमीटर काठ राखायचा. दिसायला तो थोडा स्टिकरसारखा दिसतो, पण टिकतो.

दोन्ही प्रिंट कापण्याआधीच पुठ्ठ्यावर चिकटवावेत. आपल्याकडे जुन्या लग्नपत्रिकांना तोटा नसतो आणि त्यांचा जाड कागद यासाठी छान. पातळ गोंदाने कागद सुरकुततो, शाईच्या प्रिंटरचा रंगही पसरतो. ग्लू स्टिक बरी.

पहिल्या प्रिंटमधून डोक्यासकट धड, कोपरापासून पुढचे हात आणि गुडघ्याखालचे पाय कापायचे. दुसऱ्यातून फक्त दंड आणि मांड्या. शेजारशेजारचे दोन तुकडे कधीच एका प्रिंटमधले नसल्यामुळे प्रत्येकाला सांध्याच्या पलीकडे हवं तेवढं वाढवता येतं. कोपराच्या मध्यावर पेन्सिलने ठिपका द्यायचा, त्याच्याभोवती दंडाच्या रुंदीएवढं वर्तुळ काढायचं आणि दोन्ही तुकड्यांचं टोक त्या वर्तुळाने गोल कापायचं. भोक नेमकं ठिपक्यावर. हात वाकवल्यावर टोक बाहेर डोकावलं तर गोलाई चुकली आहे, आणि फट पडली तर भोक मधोमध नाही. टाचणी पक्की करण्याआधी दोन्ही तुकडे जुन्या हवाई चपलेवर ड्रॉइंग पिनने रोवून फिरवून पाहिले की हे लगेच कळतं. भोकही त्याच चपलेवर दाभणाने पाडावं. हे काम मोठ्यांचं. ऑफिसातल्या पंचिंग मशीनचं भोक फार मोठं होतं आणि सांधा डगडगतो.

जोडायला पितळी दुपाती पिन घ्यायची, जिचे दोन पाय मागे उलगडतात. वर धड, त्याखाली दंड, त्याखाली पुढचा हात, असा क्रम ठेवला की वाढीव भाग आपोआप झाकला जातो. पिन आवळून बसवली तर हात हलत नाही. पाय उलगडताना मध्ये पुठ्ठ्याची एक पट्टी घालावी आणि नंतर ती ओढून घ्यावी. उरते तेवढी ढिलाई पुरते. मागच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती हा बाहुला देऊ नये, सुटलेली पिन थेट तोंडात जाते.

लोट्टे राइनिगरने १९२६च्या ‘प्रिन्स अखमद’ या चित्रपटातल्या सावल्या अशाच सुट्या अवयवांच्या, तारेने जोडून केल्या होत्या. पण ती एकेका चौकटीसाठी हात बोटांनी सरकवत होती. मुलांना दोरी ओढून दोन्ही हात एकदम वर जायला हवे असतात. त्यासाठी दंडाचं वरचं टोक धडाच्या मागे दीडेक सेंटीमीटर आत वाढवायचं आणि खांद्याच्या पिनेपासून सेंटीमीटरभर आतल्या बाजूला आणखी एक भोक पाडायचं. हात खाली लोंबत असताना दोन्ही दंडांची ही भोकं आडव्या दोऱ्याने बांधायची आणि त्याच्या मध्यावर ओढायची दोरी. आतलं टोक खाली आलं की हात बाहेरून वर जातो. दोरी सोडल्यावर तो खाली येत नसेल, तर तळव्याच्या मागे पुठ्ठ्याचे दोन-तीन थर चिकटवावेत.